बीट खाल्ल्यावर लघवी गुलाबी: नागपुरातून वारंवार येणारे प्रश्न

हिवाळा लागला, कॉटन मार्केटात बीट स्वस्त झाले की आमच्या लॅबचा फोन एका ठरावीक काळजीने वाजू लागतो. बाटली घेऊन धावत आलेले लोक दारातच विचारतात, "डॉक्टर, रक्त आहे का हे?" मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गेल्या काही वर्षांत हेच प्रश्न फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि काउंटरवर इतक्यांदा ऐकले की एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं असं ठरवलं. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. रात्री बीटाची कोशिंबीर खाल्ली, सकाळी लघवी गुलाबी. यात काही धोका आहे का?

रंग बीटाचाच असेल तर अजिबात नाही. मूत्रपिंडाला इजा होत नाही, रक्त जात नाही, औषध लागत नाही. बीटाचा रंग आतड्यातून रक्तात उतरला आणि मूत्रपिंडाने तो गाळून बाहेर टाकला, एवढंच घडलं. मूत्रपिंड खराब झाल्याची ही खूण नाही. उलट ते आपलं रोजचंच काम करतंय.

धोका एकाच ठिकाणी आहे: बीटाचा समजून खऱ्या रक्ताकडे दुर्लक्ष होणं. ते कसं टाळायचं हे प्रश्न ५ आणि ६ मध्ये आहे.

२. हा रंग नेमका आहे तरी काय? बीटात रक्तासारखं काही असतं का?

बीटातल्या लाल-जांभळ्या रंगाचं नाव बीटानिन. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आणि त्याच्या मध्यभागी लोह असतं. बीटानिनमध्ये लोह नाही. दोघांचं नातं फक्त डोळ्यांपुरतं. बिस्किटं, दही, आइस्क्रीम गुलाबी करायलाही हाच रंग वापरतात आणि पाकिटावर तो ई१६२ या क्रमांकाने लिहिलेला सापडतो.

बीट रक्तासारखं दिसतं म्हणून ते रक्त वाढवतं, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. १०० ग्रॅम बीटात लोह १ मिलिग्रॅमच्या आतच असतं. बीट खा, चांगलं आहे, पण लोहाच्या गोळीऐवजी नको.

बीटानिन तसं नाजूक असतं. उष्णता, उजेड आणि हवा लागली की ते फिकं पडतं. किसलेलं बीट तासभर उघडं राहिलं की त्याची कड तपकिरी होते, हे घरोघरी पाहिलेलं आहे. लिंबाची आंबट बाजू त्याला मानवते, त्यामुळे लिंबू पिळलेली कोशिंबीर जास्त वेळ झळझळीत राहते. सोड्यासारख्या क्षाराने मात्र त्याचा रंग बिघडतो. पुढच्या उत्तरासाठी एवढं लक्षात असू द्या: हा रंग वाटेत टिकूही शकतो आणि मरूही शकतो.

३. बावा, एकाच कढईतलं खाल्लं. मले गुलाबी अन् बायकोले काहीच नाही. असं कावून?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, त्यामुळे उत्तरही लांब आहे.

साधारण १० ते १४ टक्के लोकांना बीट खाल्ल्यावर लघवीत रंग दिसतो. बाकीच्यांना दिसत नाही. "दिसत नाही" हा शब्द मुद्दाम वापरतोय. यंत्राने मोजलं तर ज्यांची लघवी पिवळीच राहते अशा बहुतेकांच्या लघवीतही बीटानिनचा अंश सापडतो. तो इतका थोडा असतो की डोळ्याला कळत नाही. म्हणजे "रंग येणारे" आणि "न येणारे" अशा दोन जाती नाहीत. एक लांब उतार आहे, आणि मध्ये कुठेतरी आपल्या नजरेची रेघ आहे. पोटात गेलेल्या बीटानिनपैकी लघवीपर्यंत पोचणारा भाग एरवीही एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. त्यामुळे थोडासा फरक पडला तरी माणूस रेघेच्या अलीकडचा पलीकडे जातो.

आता तो फरक कुठे पडतो ते पाहू. घास जठरात गेला की तिथल्या तीव्र आम्लात बीटानिनचा बराच भाग मोडतो. लिंबाचं सौम्य आम्ल आणि जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याच्या जठरात आम्ल भरपूर, त्याचा रंग तिथेच संपतो. ज्याचं आम्ल कमी, वयामुळे, जठराच्या आजारामुळे किंवा अ‍ॅसिडिटीच्या रोजच्या गोळीमुळे, त्याच्याकडून जास्त रंग पुढे सरकतो. जठर लवकर रिकामं झालं तरीही तेच, कारण आम्लाला काम करायला वेळच मिळत नाही.

पुढे आतड्यात दोन गोष्टींची ओढाताण चालते. लोहाचे कण आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू बीटानिनचा रंग उडवतात. बीटात आणि पालकात असलेलं ऑक्झॅलिक आम्ल त्याला सांभाळतं. म्हणून बीट-पालक असा एकत्र ज्यूस घेणाऱ्यांना रंग जास्त दिसू शकतो. यातून जे वाचलं त्यातला थोडा भाग आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातो. यकृत त्याला फारसं मोडत नाही, मूत्रपिंड गाळून टाकतं.

शेवटी येतं पाणी. दिवसभरात दोन लिटर लघवी होणाऱ्याकडे तोच रंग पातळ होऊन नाहीसा होतो. नवरा सकाळपासून उन्हात साइटवर आणि बायकोने घरी चार तांबे पाणी प्यायलं असेल, तर दोघांच्या आतड्यांत काहीही फरक नसताना रंग एकालाच दिसेल. या गृहस्थांनाही मी पहिला प्रश्न हाच विचारला, आणि उत्तर होतं, "साइटवर पाणी कोण पिते?"

४. रंग किती वेळाने येतो आणि किती वेळ राहतो?

रिकाम्या पोटी ज्यूस घेतला तर दोन-चार तासांत सगळ्यात गडद दिसतो. जेवणात कोशिंबीर असेल तर उशिरा येतो आणि बहुधा सकाळच्या पहिल्या लघवीत पकडला जातो, कारण ती रात्रभर साठून घट्ट झालेली असते. साधारणपणे २४ तासांत जातो, फार तर ४८ तास.

मी लोकांना ४८ तासांचीच मर्यादा सांगतो. शेवटचा घास खाऊन दोन दिवस झाले आणि लघवी अजून लाल असेल, तर बीटाला दोष देणं थांबवा आणि तपासणी करा. बद्धकोष्ठ असेल तर रंग थोडा रेंगाळतो, पण त्या सबबीवर आठवडा काढू नका.

५. बीट आहे की रक्त, हे घरच्या घरी ओळखता येतं का?

खात्रीने नाही. छटेवरून ओळखतो असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, माझ्यावरसुद्धा नाही. एक लिटर लघवीत एक मिलिलिटर रक्त मिसळलं तरी रंग बदललेला दिसतो, आणि तो गुलाबीच असतो. बीटाची झाक जांभळ्याकडे आणि रक्ताची विटकरीकडे झुकते हे बरोबर, पण बाथरूमच्या पिवळ्या बल्बखाली ते कुणाला कळणार?

अंदाज बांधायला मात्र काही गोष्टी मदत करतात. गेल्या दिवसभरात बीट खाल्लं होतं का, हे आधी आठवा. घरात विचारा, कारण पराठ्यात, कटलेटमध्ये, मुलांच्या डब्यातल्या गुलाबी इडलीत बीट लपलेलं असतं. रंग सुरुवातीपासून शेवटच्या थेंबापर्यंत एकसारखा आहे का ते पाहा. बीटाचा तसाच असतो. रक्तही एकसारखं मिसळून येऊ शकतं, पण फक्त सुरुवातीला किंवा फक्त शेवटी लाल येत असेल, गाठी किंवा धागे दिसत असतील, तर ते बीटाचं काम नाही.

आणि काही जणांनी ४८ तास वाट बघूच नये. लघवीला जळजळ, ताप, कमरेतून जांघेकडे येणारी कळ, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, गाठी पडणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, त्यातही वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, हे जास्त मनावर घ्यावं. मूत्राशयाच्या कर्करोगात येणारी लाल लघवी पुष्कळदा अजिबात दुखत नाही. एकदा येते, आपोआप थांबते आणि माणूस निश्चिंत होतो. अशा माणसाने आदल्या रात्री बीट खाल्लं असलं तरी मी एक साधी तपासणी करायला लावतोच.

६. तपासणीत कसं कळतं? आणि किती भानगड असते?

भानगड काही नाही. लघवीची नेहमीची तपासणी पुरते. एक खरं उदाहरण सांगतो, ओळख पटेल असे तपशील वगळून.

एका सोमवारी सकाळी साधारण पस्तिशीच्या एक बाई आल्या. रविवारी रात्री नऊला घरच्या चौघांनी बीट-दह्याची कोशिंबीर खाल्ली होती. पहाटे उठल्या तर लघवी गडद गुलाबी. घरात बाकी कुणाला काही नाही, म्हणून त्या जास्त घाबरलेल्या. दुखत नव्हतं, ताप नव्हता, पाळी होऊन दहा दिवस झाले होते. पाळीचं मी मुद्दाम विचारतो, कारण नमुन्यात ते रक्त मिसळलं की सगळीच तपासणी गोंधळते.

ताजा नमुना घेतला. आधी पट्टी बुडवली. पट्टीवर रक्तासाठी एक पिवळा चौकोन असतो. हिमोग्लोबिन असेल तर त्यातली रसायनं एकमेकांत क्रिया करतात आणि चौकोन मिनिटभरात हिरवा होतो. बीटानिनला ही क्रिया घडवता येत नाही. बाईंचा चौकोन पिवळाच राहिला, वरून थोडी गुलाबी ओल आली तेवढीच.

मग १० मिलिलिटर नमुना नळीत घालून पाच मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला. रक्तपेशी असत्या तर त्या तळाशी लाल थर करून बसल्या असत्या आणि वरचं पाणी पिवळं निवळ झालं असतं. इथे उलट झालं. तळाशी फारसं काही नाही, आणि वरचं सगळं पाणी जसंच्या तसं गुलाबी. मी नळी खिडकीच्या उजेडात धरून त्यांनाच दाखवली. पाण्यात विरघळलेला रंग फिरवून खाली बसत नाही, हे त्यांना माझ्या बोलण्यापेक्षा त्या नळीने जास्त पटवलं. तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर एका दृश्यक्षेत्रात एखादीच लाल रक्तपेशी, म्हणजे नेहमीसारखीच. तीन किंवा अधिक दिसल्या असत्या तर रक्त म्हणून पुढे शोध घेतला असता.

मंगळवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला, रंग गेला होता. गोष्ट तिथेच संपली नाही. उरलेली प्रश्न ७ मध्ये आहे.

दोन अडचणी सांगून ठेवतो. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर रक्त असूनही पट्टी ते दाखवत नाही, म्हणून पट्टीवर न थांबता सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं असतं. उलट, ब्लीच लागलेल्या डब्यात नमुना आणला तर रक्त नसताना चौकोन हिरवा होतो. घरचा धुतलेला लोणच्याचा डबा नको. निर्जंतुक डबी मेडिकलमध्ये मिळते.

७. गुलाबी लघवी म्हणजे अंगात लोह कमी, असं वाचलं. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. शरीरात लोह कमी असलेल्या लोकांत बीटाचा रंग लघवीत उतरण्याचं प्रमाण बरंच जास्त आढळतं. उपचार न झालेल्या लोहाच्या कमतरतेत ते निम्म्याहून अधिक लोकांत दिसल्याच्या जुन्या पाहण्या आहेत. कारण असं सांगितलं जातं की लोहासाठी आसुसलेलं आतडं शोषणाचा वेग वाढवतं आणि त्याबरोबर बीटाचा रंगही जास्त आत जातो. शिवाय रंग उडवणारं लोहही आतड्यात कमी असतं. जीवनसत्त्व बी१२ शोषलं न जाणाऱ्या ॲनिमियातही हे जास्त दिसतं, आणि तिथे जठरातलं आम्लच आटलेलं असतं, ते प्रश्न ३ मध्ये आलंय.

पण उलटा निष्कर्ष काढू नका. रंग आला म्हणजे लोह कमी असंच नाही, आणि रंग आला नाही म्हणजे लोह भरपूर असंही नाही. बीट ही काही तपासणी नाही, फार तर खांद्यावर पडलेली एक टिचकी आहे.

त्या बाईंना मी एवढंच विचारलं की दम लागतो का, पाळीला रक्त जास्त जातं का, माती-खडू खावासा वाटतो का. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "कच्चे तांदूळ चघळते, पण ते तर सगळ्याच करतात." सगळ्या करत नाहीत. हिमोग्लोबिन १०.४ निघालं, बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात. साठ्यातलं लोह सांगणारं फेरिटिन ८ होतं, ते १५ च्या खाली म्हणजे साठा रिकामा. लोह त्यांच्या डॉक्टरांनी सुरू केलं. चार महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला आल्या तेव्हा हिमोग्लोबिन १२.३ झालं होतं, आणि त्यांनी आपण होऊन सांगितलं की आता बीट खाल्लं तर अगदी पुसट झाक येते. एका माणसावरून मी काही सिद्ध करत नाही. पण ही बाई गुलाबी लघवीच्या भीतीने आली नसती, तर अजून वर्षभर जिना चढताना धापा टाकत राहिली असती.

हिमोग्लोबिन बरोबर आलं तरी फेरिटिन कमी असू शकतं. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. दर वेळी रंग येत असेल आणि थकवाही असेल, तर दोन्ही एकदम करून घ्या.

८. आईला होतं, मलाही होतं. हे आनुवंशिक आहे का?

एकेकाळी तसंच मानत. १९५६ साली हा एकाच जनुकावर चालणारा गुण असल्याचं मांडलं गेलं होतं आणि अनेक वर्षं ते पाठ्यपुस्तकांत राहिलं. नंतर लघवीतला रंग यंत्राने मोजला गेला तेव्हा तो प्रश्न ३ मधला उतार दिसला, आणि एका जनुकाचं गणित त्यात बसेना. एकाच माणसाला या आठवड्यात रंग येतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही, हेही जनुकाने समजावता येत नाही. मायलेकी एकाच ताटात जेवतात, आणि आपल्या घरांत लोहाची कमतरताही पुष्कळदा दोघींना एकदम असते.

९. आधी कधी होत नव्हतं, आता पन्नाशीनंतर सुरू झालं. काय बदललं?

बहुधा तीनपैकी एक गोष्ट. अ‍ॅसिडिटीची गोळी, म्हणजे पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल, रोज सुरू झाली असेल. बीट खायची पद्धत बदलली असेल: पूर्वी सांबारात दोन फोडी, आता सकाळी फुटाळ्यावर फिरून आल्यावर रिकाम्या पोटी पेलाभर ज्यूस. एका पेल्यात दोन-तीन बिटं जातात आणि ती कच्ची असतात. शिजवताना रंगाचा बराच भाग पाण्यात उतरतो आणि काही उष्णतेने मरतो, म्हणून उकडलेल्या बीटाने तेवढा रंग येत नाही.

तिसरी गोष्ट लोहाची. पन्नाशीनंतर पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं, तर नुसत्या गोळ्या घेऊन थांबू नका. जठर-आतड्यातून हळूहळू रक्त झिरपत नाही ना, हे डॉक्टरांना पाहू द्या.

१०. आमच्या घरात सिकलसेल आहे. तरी बीटच समजायचं का?

नाही, आणि हा प्रश्न विदर्भात आवर्जून विचारायला हवा. सिकलसेलचा आजार असलेल्यांनाच काय, फक्त वाहक असलेल्यांनाही मूत्रपिंडातून रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो न दुखता होतो. एरवी वाहक माणूस ठणठणीत असतो, त्यामुळे त्याला हे माहीतच नसतं. घरात सिकलसेल असेल तर लाल लघवीची पहिल्या दिवशीच तपासणी करा, बीट खाल्लं असलं तरी.

दुसरं म्हणजे सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन कमी असतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून. तिथे लोह कमी असेलच असं नाही, कधीकधी वारंवार रक्त चढवल्यामुळे जास्तच साठलेलं असतं. प्रश्न ७ वाचून दुकानातून लोहाच्या गोळ्या आणू नका. फेरिटिन आधी.

११. मे महिन्यात लघवी लालसर-तपकिरी होते. बीट तर खाल्लंच नाही.

नागपूरच्या ४५ अंशांत पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी, चहासारखी दिसते. दोन-तीन तास पाणी, ताक, मीठ-साखरेचं पाणी घेतलं की ती निवळली पाहिजे. निवळली नाही, शिवाय उन्हात कष्ट करून अंग ठणकतंय, ग्लानी येतेय, लघवी कोलासारखी काळपट आणि थोडीच होतेय, तर लगेच दवाखाना गाठा. उष्माघातात स्नायू मोडतात, त्यांतला मायोग्लोबिन लघवीत येतो आणि मूत्रपिंड बंद पाडू शकतो. इथे पट्टी रक्त दाखवते पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसत नाहीत. सेंट्रिफ्यूजमध्ये वरचं पाणी बीटासारखंच रंगीत राहतं. म्हणून नळीवरून एकट्याने निर्णय होत नाही, पट्टी आणि नळी दोन्ही लागतात.

औषधंही आठवा. टीबीचं रिफॅम्पिसिन लघवी नारिंगी-लाल करतं, त्यात काळजीचं काही नाही आणि त्यासाठी गोळ्या बंद करायच्या नाहीत.

१२. मला मुतखडा होऊन गेला आहे. बीट खाऊ का?

रंगामुळे काही बिघडत नाही, ऑक्झॅलेटमुळे बिघडू शकतं. बीटात ते भरपूर असतं आणि खड्यांचा सगळ्यात नेहमीचा प्रकार कॅल्शियम ऑक्झॅलेटचा आहे. खडा त्याच प्रकारचा होता असं कळलं असेल तर रोजचा ज्यूस सोडा, पालक-बीट एकत्र तर नकोच. कधीतरी दह्यातली कोशिंबीर चालेल. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच पकडतं आणि ते शौचावाटे जातं. आपल्या आज्यांनी बीटाला दही लावलं ते चवीसाठी, पण काम झालं.

तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट. खड्यानेही लघवीत रक्त येतं. गुलाबी लघवीबरोबर कळ असेल तर बीटाचा विचार बाजूला ठेवा.

१३. बाळाच्या लंगोटीवर गुलाबी डाग दिसला. सात महिन्यांचं आहे, बीटाचं पाणी दिलं होतं.

बीटाचा असू शकतो. दोन दिवस बीट बंद करून पाहा. पहिल्या काही दिवसांच्या नवजात बाळाला मात्र बीट कुणी देत नाही, आणि त्याच्या लंगोटीवर विटेच्या चुऱ्यासारखा नारिंगी-गुलाबी डाग दिसतो तो यूरेटच्या कणांचा असतो. दूध कमी मिळत असेल तर तो टिकून राहतो, म्हणून बालरोगतज्ज्ञांना सांगा. बाळाला ताप असेल, लघवी करताना रडत असेल, तर कुठल्याही वयात वाट बघू नका.

१४. उद्या विम्यासाठी लघवीची तपासणी आहे आणि आज बीट खाल्लं. काय करू?

शक्य असेल तर दोन दिवस पुढे ढकला. रक्ताचा चौकोन फसत नाही, पण पट्टीवरचे बाकीचे चौकोन, प्रथिनांचा, कीटोनचा, रंगावरूनच वाचतात, आणि गडद गुलाबी लघवीत ते वाचायला कठीण जातात. पुढे ढकलता येत नसेल तर फॉर्मवर "काल बीट खाल्लं" एवढं लिहा. तीन शब्दांनी तंत्रज्ञाचा अर्धा तास आणि तुमची एक चक्कर वाचते.

१५. शौचही लाल-जांभळं झालं. तेही चालतं का?

चालतं, आणि ते लघवीपेक्षा कितीतरी जास्त लोकांना होतं, कारण न शोषलेला रंग सगळा तिकडेच जातो. हाही एक-दोन दिवसांत जायला हवा. पुसताना कागदावर ताजं लाल रक्त, पाण्यात थेंब, किंवा डांबरासारखं काळं चिकट शौच, हे बीटाने होत नाही.

१६. लाल माठाच्या भाजीनेही असंच होतं का?

माठ आणि बीट एकाच कुळातले, आणि माठाचा लाल रंगही बीटानिनच्या घराण्यातलाच आहे. लाल ड्रॅगन फ्रूटचाही तोच. जांभूळ आणि काळ्या गाजराचा रंग मात्र पूर्णपणे वेगळ्या घराण्यातला. त्यामुळे बीट खाल्लं नाही असं कुणी छातीठोक सांगितलं, पट्टी कोरी निघाली आणि लघवी तरी गुलाबी असेल, तर मी पुढचा प्रश्न विचारतो: काल भाजी कोणती होती, आणि फळाच्या गाडीवर काय खाल्लं?